दोन मशिनींतून गेलेला कागद

इंद्रजीत सरांना संगणकातलं किती कळतं, असं कुणी विचारलं असतं तर अपेक्षानं उत्तर द्यायचे कष्टही घेतले नसते. नुसतं नाक उडवलं असतं. औरंगपुऱ्यात, वह्यापुस्तकांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्यांचं स्कॅनिंगचं ऑफिस होतं. तीन स्कॅनर, चार संगणक आणि दारावर सरांच्या नावाची पाटी. पाटीवर नावापुढे 'डिजिटायझेशन एक्सपर्ट' असं लिहिलेलं. अपेक्षा म्हणायची, सरांना येतं त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ती पाटी पुसणं.

ती स्वतः तिथं ऑपरेटर होती, खुलताबादहून रोज एसटीनं यायची. बी.सी.एस. झालेली, हाताला चटपट, जिभेला त्याहून. तिला सगळी दुनिया अडाणी दिसायची. कंडक्टर अडाणी, कारण तो सुट्टे मागतो. खालचा झेरॉक्सवाला अडाणी, कारण तो काचेवर चहा ठेवतो. आणि इंद्रजीत सर तर अडाण्यांचे महामेरू.

सरांचा सगळ्यात मोठा अडाणीपणा गेल्या वर्षी घडला. शहरातल्या एका जुन्या शिक्षण संस्थेचं काम त्यांनी मिळवलं. चाळीस वर्षांच्या नोटिसा, आदेश, छापील फॉर्म, सगळं मिळून एकसष्ट हजार पानं. ती स्कॅन करायची आणि नाव टाकलं की पान सापडलं पाहिजे, अशी सोय करून द्यायची. या दुसऱ्या कामाला ऑफिसात 'ओसीआर' म्हणत. स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्या फोटोतली अक्षरं ओळखून संगणक फोटोखाली एक न दिसणारा मजकूर बसवतो आणि शोधताना त्या मजकुरात शोधतो. त्याला आधी सांगावं लागतं, की बाबा, या पानावर कोणती भाषा आहे. तेवढीच एक चौकट. तिच्यात भाषांची यादी, आणि हव्या त्या भाषांपुढं खूण करायची.

पहिल्याच दिवशी अपेक्षानं विचारलं होतं, "सर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लावू ना?"

सरांनी गठ्ठ्यातलं वरचं पान उचललं. संस्थेचं लेटरहेड इंग्रजीत छापलेलं. वर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, फोन नंबर, सगळं एबीसीडी.

"हे काय आहे? इंग्लिश. मग इंग्लिश लाव. आधीपासून तीच लागलेली असते, हात लावायचं काम नाही. दोन भाषा लावल्या की मशीन दुप्पट वेळ खातं."

"पण सर, खाली सगळा मजकूर मराठी आहे."

"कस्टमर पान बघतो, अपेक्षा. पानाखालचं कोण बघतो?"

एवढं ऐकल्यावर दुसऱ्या कुणी वाद घातला असता. अपेक्षानं घातला नाही. तिला ठाऊक होतं, की इंग्रजी लावून मराठी अक्षरं वाचायला दिली तर ते यंत्र त्यांना बळंच एबीसीडीत कोंबतं. 'नोटीस'च्या जागी कसलीशी टिंबं, आकडे आणि कंस येतात. त्या कचऱ्यात मराठी नाव शोधलं तर जन्मात सापडायचं नाही. हे सगळं ठाऊक असून तिनं इंग्रजीपुढची खूण तशीच ठेवली आणि पाच महिने, गठ्ठ्यामागून गठ्ठा, एकसष्ट हजार पानं त्याच खुणेखालून काढली. म्हणाली, होऊ दे की फजिती. सर तोंडघशी पडतील तेव्हा बघू या. रोज डबा खाताना ती हा किस्सा मैत्रिणीला फोनवर सांगायची आणि खो खो हसायची.

फजिती काही झाली नाही. संस्थेत सगळे सरांच्याही वरताण. कार्यालयीन अधीक्षक काकासाहेब तुपे यांनी पडद्यावर पान उघडून पाहिलं. पान स्वच्छ दिसलं, सही दिसली, शिक्कासुद्धा निळा दिसला. काकासाहेब खूश. मग संस्थेत 'पेपरलेस कार्यालय' असा फलक लागला, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि मूळ कागद दोन ट्रकांत भरून लगदा करायला गेले. आता चाळीस वर्षं त्या फोटोंत आणि त्यांच्याखालच्या कचऱ्यात होती. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. अपेक्षाला त्यात मौजच वाटत होती.

या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. बुधवारी दुपारी ऑफिसच्या जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, निळ्या काठाची सुती साडी, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं. चंपाबाई खरात, शिपाई.

"तेच का हे, संस्थेचे कागद कम्पुटरात घालणारं?"

"हो, तेच. काय काम होतं मावशी?" अपेक्षानं बसायला सांगितलं नाही. हातातला मोबाईलही खाली ठेवला नाही.

चंपाबाईनं पिशवीतून एक पत्र काढलं. संस्थेचं, काकासाहेबांच्या सहीचं. आपण दिनांक अमुक रोजी केलेल्या अर्जानुसार शोध घेतला असता, सन १९९८ मधील आपल्या नियुक्तीबाबतचा कोणताही अभिलेख आढळून येत नाही.

"मी अठ्ठ्याण्णवपास्नं हाय तिथं," चंपाबाई म्हणाली. "सर्व्हिस बुक निघालं दोन हजार चारला. आता ल्याबमधी परिचराची एक जागा निघाली. ज्याची नोकरी जुनी त्याला. यादीत माझी नोकरी चारपास्नं धरली, अन् माझ्यावर दोन हजार एकचा माणूस बसिवला. तेचं काय चुकलं नाय, त्यो बिचारा एकचाच हाय. पण मी तर अठ्ठ्याण्णवची! हरकत घ्यायला शुक्कीरवार पाच वाजेपर्यंतचा टाइम हाय. आदेशाचा कागद लावा म्हनतेत."

"मग तुमच्याजवळची प्रत?"

"सर्व्हिस बुकाला लावायची म्हणून हापिसानंच घेतली. ती गेली ती गेली."

"तिथं कुणी ओळखणारं नाही का?"

"काकासायेबच हायेत की. आमी दोघं एकाच वर्साचे. म्या इचारलं, सायेब, तुमाला तर म्हाईत हाय. म्हनले, मला म्हाईत हाय चंपाबाई, पण मला म्हाईत असून काय उपेग? कम्पुटर शून्य दावतंय."

अपेक्षाला हसू आवरेना. म्हणजे त्या माणसानं मराठीत नाव टाकलं असणार. मराठीत काहीही टाकलं तरी शून्यच येणार होतं. चंपाबाईचं नाव टाका, देवाचं टाका नाहीतर खुद्द काकासाहेबांचं टाका. आणि या शहाण्याला वर्षभरात एकदाही शंका आली नाही, की सगळ्यांचंच शून्य कसं येतं?

"तुमच्याशिवाय आणखी कुणाला असं पत्र दिलंय का?"

"सात जनांला. मला धरून आठ."

आठ वेळा शून्य! अपेक्षानं मनात काकासाहेबांना सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. बरी जोडी होती.

सर जेवायला गेले होते. अपेक्षानं ठरवलं, आपणच दाखवून द्यायचं. फोटो अजून ऑफिसच्या डिस्कवर होते. फोटो शाबूत असला की पुन्हा स्कॅन करावं लागत नाही. भाषा बदलून ओळख तेवढी पुन्हा चालवायची. तिनं अठ्ठ्याण्णव ते दोन हजारचा गठ्ठा काढला. चार हजार तीनशे पानं. भाषेच्या चौकटीतली इंग्रजीपुढची खूण तिनं अशी काढली, जसं कुणी साडीवरचं झुरळ झटकतं. आणि मराठीपुढं खूण केली. नुसत्या मराठीपुढं. इंग्रजीच्या नादानं तर ही सगळी माती झाली होती. मराठी संस्था, मराठी कागद, मग इंग्रजी हवीच कशाला?

अशा वेळी आधी चार-पाच पानं काढून तपासायची असतात, हे तिला माहीत होतं. कॉलेजात शिकवलं होतं. पण तपासायचं कुणी? जो चुकतो त्यानं.

"उद्या या मावशी. दहा वाजता. सापडेल."

"नक्की ना ताई?"

"मी करतेय ना," अपेक्षा म्हणाली.

गुरुवारी दहाला चंपाबाई आली तेव्हा काम पुरं झालेलं होतं. मराठी मजकूर झकास उठला होता. टाइपरायटरचा जुना ठसा, अधूनमधून मात्रा सरकलेली, रफार उडालेला, तरी वाचता येत होतं. 'नोटीस' टाकलं की शेकडो पानं. अपेक्षानं ऐटीत 'चंपाबाई' टाकलं.

शून्य.

तिनं 'चंपा' टाकलं. 'खरात' टाकलं. नाव वेगळ्या तऱ्हेनं जोडून पाहिलं. शून्य आणि शून्य.

आता अपेक्षाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? आपलं काही चुकलं असेल, हे नाही. तिनं चंपाबाईकडे पाहिलं. पिशवी छातीशी धरून उभी असलेली, चौथी पास बाई. हिला साल तरी नीट आठवतंय का? रोजंदारीवर असेल तेव्हा, आणि आता म्हणते आदेश होता. या लोकांचं असंच असतं.

"मावशी, नाहीये हो. मी सगळं बघितलं. तुम्हाला आदेश मिळालाच नसेल."

चंपाबाईचा चेहरा उतरला नाही. तो ताठ झाला.

"मिळाला नसंल? ताई, त्यो कागद माझ्या हातनं गेलाय. माझाच आदेश, अन् म्याच नेला हिकडनं तिकडं."

"म्हणजे?"

"दोन मशिनी व्हत्या ना! मराठी मशीन लीलाबाईकडं, बाहीरच्या खोलीत. इंग्रजी मशीन आत, काकासायेबांकडं. लीलाबाई मराठी मजकूर ठोकायची अन् नावापुरती जागा मोकळी सोडायची. मंग म्या त्यो कागद उचलायचा, आत न्यायचा, अन् काकासायेब मोकळ्या जागेत नाव, हुद्दा, तारीख इंग्रजीत ठोकायचे. नावं इंग्रजीतच पायजेत, असा तवाच्या मोठ्या सायेबाचा हुकूम व्हता. वर पाठवायला बरं पडतं म्हने. हरेक कागद दोन्ही मशिनींतून जायचा. नोटिशीला तर खाली माझंबी नाव ठोकायचे, कुनाच्या हाती धाडली ते. सा वर्सं त्या दोन खोल्यांच्या मधी चालले मी. एकाच मशिनीचा कागद त्या हापिसात नव्हताच."

अपेक्षानं एक पान उघडलं. आजवर एकसष्ट हजार पानं तिच्या हाताखालून गेली होती आणि एकही तिनं वाचलं नव्हतं. मराठी ओळी, जाड ठशाच्या. मध्येच मोकळी जागा, आणि त्या जागेत बारीक, जरा तिरक्या ठशाचं इंग्रजी नाव. तळाशी 'Through', आणि पुढं 'Champabai'.

तिनं त्या पानाखालचा मजकूर उतरवून पाहिला. मराठी ओळी ठीक. आणि नावाच्या जागी, तारखेच्या जागी, तळाच्या ओळीत, कसलीतरी मराठी अक्षरांची भेळ. काल तिनं जे झटकून टाकलं होतं त्यातच ही बाई होती. सरांनी इंग्रजीच्या पायी मराठी मारली, आणि तिनं स्वतः मराठीच्या तोऱ्यात इंग्रजी. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती कशी दिसते हे अपेक्षाला पडद्याच्या काळ्या काचेत दिसलं. तिला लाज वाटली, पण ती पटकन गिळली.

"बसा मावशी," ती म्हणाली आणि स्वतःची खुर्ची पुढं केली.

या वेळी तिनं आधी पाचच पानं घेतली. नोटिसा दोन, आदेश दोन, छापील फॉर्म एक. आधी मराठी, मग इंग्रजी, अशा दोन्ही खुणा केल्या, कारण पानावर मराठीच जास्त होती आणि हे यंत्र पहिल्या भाषेला मोठी मानतं. पाच पानं निघाली. मराठी मराठीत, इंग्रजी नाव इंग्रजीत. दोन तारखांचे आकडे मात्र मराठी होऊन आले होते. म्हणजे साल शोधताना दोन्ही आकड्यांत शोधायचं, हे तिनं कागदावर लिहून ठेवलं.

तेवढ्यात सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना लगेच उपाय सुचला.

"मग असं कर ना, सगळ्याच भाषा टिक कर. हिंदी, संस्कृत, नेपाळी, गुजराती. काही सुटायलाच नको!"

"सर, जेवढ्या भाषा वाढवाल तेवढा त्याचा गोंधळ वाढतो. गुजराती लावली तर मराठी अक्षर गुजराती म्हणून वाचेल. पानावर आहे तेच लावायचं."

"बघ बाई. तुझं तू." सर मोबाईलमध्ये शिरले. "पण मशीन दिवसभर अडकवू नकोस."

मशीन दिवसभर अडकलं. दुसऱ्या कामाची माणसं दोनदा येऊन परत गेली, सर तीनदा येऊन घड्याळाकडं बघून गेले. चंपाबाई दुपारच्या ड्युटीला गेली आणि पाचला परत आली. सव्वापाचला शेवटचं पान निघालं.

अपेक्षानं इंग्रजीत 'Champabai' टाकलं. एक हजार एकशे चाळीस पानं. बहुतेक नोटिसाच, तळाशी तिचं नाव. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. कागद वाहून नेणारी रोजंदारीवरचीही असू शकते, काकासाहेब असंच म्हणाले असते. मग तिनं त्याच नावाबरोबर मराठीत 'नियुक्ती आदेश' टाकलं. दोन्ही शब्द एकाच पानावर हवेत.

एक पान.

मराठी ओळींत नियुक्ती, शिपाई पद, नियमित वेतनश्रेणी. मोकळ्या जागेत इंग्रजीत चंपाबाई खरात. जून महिन्याची पंधरा तारीख, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. आणि कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात तिथं, के. टी.

"काकासाहेब तुपे," अपेक्षा म्हणाली. "हे तर त्यांनीच टाइप केलंय!"

"मंग मी काय सांगतेय," चंपाबाई म्हणाली. तिनं पडद्याला बोट लावलं नाही. नुसती जवळ वाकून बघत राहिली, बराच वेळ.

शुक्रवारी अकरा वाजता तिघं संस्थेत गेले. सर हट्टानं आले, कारण फजिती झाली तर ती आपल्यामागं होऊ नये. काकासाहेबांच्या टेबलावर काच होती, काचेखाली नारळ फोडतानाचा त्यांचाच फोटो. त्यांनी आदेशाची छापील प्रत चष्मा वर करून पाहिली, चष्मा खाली करून पाहिली. आद्याक्षरांपाशी त्यांची नजर अडखळली.

"हे आधी का नाही आलं मग?"

"सर, आम्ही सिस्टीम अपग्रेड केली," इंद्रजीत सर म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज नेहमी मधाळ व्हायचा.

"अपग्रेड नाही," अपेक्षा म्हणाली. "भाषा चुकीची लावली होती. तुमच्या संगणकात आजही चुकीचीच आहे. त्यात मराठीत काहीही शोधलं तरी शून्य येतं. तुमचं नाव टाकून बघा."

काकासाहेबांनी मराठीत एकेका बोटानं आपलं नाव टाकलं. शून्य आलं. त्यांनी पुन्हा टाकलं. ज्या कार्यालयात त्यांनी आयुष्य घासलं तिथं काकासाहेब तुपे नावाचा माणूस कधी नव्हताच. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी घसा साफ केला, चंपाबाईची हरकत घेतली, तिच्यामागं आदेश जोडला, आवकचा शिक्का मारला आणि सवयीनं म्हणाले, "चंपाबाई, तीन चहा."

शिक्का वाळायच्या आत चंपाबाई चहाला गेली. अपेक्षाला त्या दोघांचाही मनस्वी तिटकारा आला. एकाला हातानं ठोकलेला कागद आठवला नाही, दुसऱ्याला हातानं केलेली घाण मान्य नाही. आणि दोघं आता एकमेकांना 'टेक्निकल इश्यू' म्हणून समजावत होते. ती उठून बाहेर आली.

व्हरांड्यात चंपाबाई ट्रे घेऊन येत होती. अपेक्षा हसली. तिला वाटलं, आता ही आभार मानणार. मानले असते तर तिनं 'त्यात काय' म्हटलं असतं. ते वाक्यही तयार होतं.

"ताई, त्या सात जनांचं काय व्हनार?" चंपाबाईनं विचारलं.

"त्यांची पानंही असतील. सगळंच पुन्हा काढावं लागेल."

"त्येंच्यात एक जन गेल्या महिन्यात रिटायर झाला. कडुबा. त्यो म्हनला, नसंल सापडत तर ऱ्हाऊ द्या, अन् गेला बी गावाकडं, पाचोडला." ती थांबली. "तुमाला कधी कळलं, ती भाषा चुकलीय म्हनून?"

खोटं बोलायला अपेक्षाला सहज जमलं असतं. कालच कळलं, असं म्हणायचं होतं. पण या बाईसमोर ते तोंडातून निघेना.

"पहिल्या दिवशी. पहिलं पान लावायच्या आधी."

"अन् मंग?"

"मी सांगितलं होतं सरांना. एकदा. ते असलेच आहेत हो मावशी. त्यांना काही कळत नाही. या काकासाहेबांनाही कळत नाही. एकजात अडाणी."

चंपाबाईनं ट्रे दुसऱ्या हातावर घेतला. त्यातला एक कप उचलून अपेक्षाच्या हातात दिला, कानाची बाजू तिच्याकडं करून. एवढी वर्षं जसा देत आली तसा.

"त्येंला कळत नव्हतं, ताई," ती म्हणाली. "तुमाला कळत व्हतं."

आणि दार खांद्यानं ढकलून आत गेली.

अपेक्षा कप धरून उभी राहिली. आतून सरांचा मधाळ आवाज येत होता. तिनं नाक उडवायचा प्रयत्न केला, पण ते कुणासाठी उडवायचं ते कळेना. मग तिनं चहा घटाघट पिऊन टाकला, सरांची वाट न बघता रिक्षा केली आणि औरंगपुऱ्यात येऊन संगणक लावला. त्र्याऐंशी सालचा पहिला गठ्ठा. त्याच्या नोंदीच्या तक्त्यावर ऑपरेटरच्या रकान्यात तिचंच नाव होतं, तिच्याच अक्षरात. तिनं पाच पानं वेगळी काढली आणि ती पडद्यावर एकेक करून वाचायला लागली.